ऑर्डर मॅचिंग इंजिन (शेअर बाजार)

शेअर बाजारात आलेल्या खरेदी-विक्रीच्या ऑर्डरी एकमेकींशी जुळवून सौदे करणारी संगणकप्रणाली. राष्ट्रीय शेअर बाजाराने (एनएसई) नोव्हेंबर १९९४ मध्ये मुंबईहून शेअरचे व्यवहार सुरू केले, तेव्हापासून तिथे ही जुळणी ‘नीट’ या पडद्यावरच्या प्रणालीतून होते. मुंबई शेअर बाजारानेही (बीएसई) १९९५ मध्ये ‘बोल्ट’ आणली आणि दलाल स्ट्रीटवरची आरडाओरड हळूहळू थांबली. दोन्हीकडे नियम तोच: आधी भाव, मग वेळ. चढा भाव देणारा खरेदीदार आणि कमी भाव मागणारा विक्रेता पुढे; भाव सारखा असेल तर आधी आलेला पुढे.

एका शेअरच्या विक्रीच्या बाजूला तीन ऑर्डरी आहेत असे समजू. ‘अ’ने १०:१५:०१ ला ४१२.१० रुपयांना २०० शेअर लावले, ‘ब’ने तीन सेकंदांनी त्याच भावाला ३००, आणि ‘क’ने सर्वांत शेवटी ४१२.०५ ला ५००. आता ४१२.१० पर्यंत ८०० शेअर घ्यायची ऑर्डर येते. ‘क’ शेवटी आला असला तरी त्याचा भाव स्वस्त, म्हणून आधी त्याचे ५०० शेअर ४१२.०५ ला जातात. मग ४१२.१० ला ‘अ’चे २०० आणि ‘ब’चे १००. सौदा होतो तो आधीपासून उभ्या असलेल्या ऑर्डरच्या भावाला. त्यामुळे खरेदीदाराचे पहिल्या ५०० शेअरवर प्रत्येकी पाच पैसे वाचले. ‘ब’चे २०० शेअर रांगेच्या तोंडाशी उरले.

यानंतर त्याच भावाला ‘ड’ १५० शेअर विकायला येतो आणि ‘ब’ आपली ऑर्डर बदलतो. त्याने संख्या घटवून १०० केली तर त्याची जागा कायम राहते, कारण मागच्याचे काही बिघडत नाही. संख्या वाढवून ४०० केली किंवा भाव बदलला, तर ती नवी ऑर्डर धरली जाते आणि ‘ब’ आपला नंबर गमावतो. संख्या वाढवूनही जागा राखायची सूट दिली, तर एक शेअर लावून जागा अडवायची आणि भाव जवळ आला की संख्या फुगवायची, असा उद्योग सुरू होईल.

रचनेत प्रत्येक भावाला एक रांग असते, आणि या रांगा भावाच्या क्रमाने लावलेल्या असतात. रद्द करण्याच्या विनंत्या फार येतात, म्हणून ऑर्डर क्रमांकावरून थेट तिच्या जागेवर पोचणारी वेगळी सूची ठेवावी लागते. अख्खी रांग चाळत बसणे परवडत नाही. भाव पूर्णांकात, पैशांत ठेवतात: ४१२.१० म्हणजे ४१२१०. दशांश अपूर्णांक संगणकाच्या द्विमान पद्धतीत नेमका बसत नाही, आणि सारखेच दिसणारे दोन भाव वेगळ्या रांगांत पडले तर वेळेच्या प्राधान्याला अर्थच उरत नाही.

खरी मेख आहे ती ‘वेळ’ म्हणजे कोणाची वेळ यात. ब्रोकरच्या घड्याळावर विसंबता येत नाही. ऑर्डरी अनेक प्रवेशद्वारांतून येतात. त्या एका ठिकाणी ओळीने लावून प्रत्येकीला चढता अनुक्रमांक दिला जातो आणि इंजिन तोच क्रम मानते. म्हणूनच एका शेअरची जुळणी सहसा एकाच थ्रेडवर, म्हणजे एकामागून एक सूचना पाळणाऱ्या एकाच धाग्यावर, चालवतात. दोन थ्रेड एकाच रांगेला हात घालू लागले तर कुलुपे लावण्यात वेळ जातो आणि क्रमाची खात्री राहत नाही. वेग हवा असेल तर वेगवेगळे शेअर वेगवेगळ्या इंजिनांत वाटावेत. एकाच शेअरची रांग फोडू नये.

अनुक्रमांकाचा दुसरा उपयोग इंजिन बंद पडल्यावर कळतो. आलेली प्रत्येक ऑर्डर आधी नोंदवहीत लिहिली असेल, तर राखीव इंजिन तीच नोंदवही पहिल्यापासून चालवून हुबेहूब तीच स्थिती उभी करू शकते. अट एवढीच की जुळणीच्या आत दुसरी कुठलीही माहिती शिरता कामा नये. मुदत संपलेली ऑर्डर काढायला इंजिनाने स्वतःचे घड्याळ पाहिले, की दोन प्रतींत फरक पडू लागतो. तो वेळीच कळावा म्हणून ठरावीक अनुक्रमांकांवर दोन्हींच्या स्थितीवरून काढलेला छोटा आकडा, म्हणजे बेरीज-खूण, ताडून पाहतात. दुसरी सोपी तपासणी म्हणजे, सलग व्यवहार चालू असताना सर्वांत चढा खरेदी भाव सर्वांत कमी विक्री भावाएवढा किंवा त्याहून जास्त दिसला, तर जुळणीत चूक आहे.

ऑर्डर शहाणपणाची आहे का, हे मात्र इंजिन पाहत नाही. ५ ऑक्टोबर २०१२ रोजी एका ब्रोकरकडून सुमारे ६५० कोटी रुपयांच्या चुकीच्या विक्री ऑर्डरी एनएसईवर गेल्या. इंजिनाने नियमाप्रमाणे एकेक भाव खाली उतरत त्या जुळवल्या आणि निफ्टी सुमारे ९०० अंकांनी कोसळला. अशा ऑर्डरी अडवायच्या, तर संख्या, रक्कम आणि भावपट्ट्याची तपासणी अनुक्रमांक मिळण्याआधीच व्हावी लागते. एकदा रांगेत आल्यावर ती ऑर्डर इतरांसारखीच धरली जाते.