अनुवादक–एजन्सी करार : मोबदला, दुरुस्त्या आणि रद्दशुल्क

मुक्त अनुवादक आणि एजन्सी यांच्या लेखी करारात घासाघीस बहुधा दरावरच होते. पुढचे वाद मात्र काम ‘स्वीकारले’ कधी, या एका तारखेवरून उद्भवतात.

एजन्सीच्या मसुद्यात ‘ग्राहकाकडून रक्कम आल्यावर मोबदला दिला जाईल’ असे वाक्य अनेकदा असते. त्याने ग्राहकाच्या थकबाकीचा भार अनुवादकावर येतो, म्हणून ते काढून ‘बिलानंतर ३० दिवस’ असे लिहून घ्यावे. अनुवादकाची उद्यम नोंदणी असल्यास सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ उपयोगी पडतो : लेखी मुदत ठरली असली तरी ती स्वीकृतीपासून ४५ दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज लागते. याच कायद्यात एक खाच आहे. काम पोहोचल्यापासून १५ दिवसांत एजन्सीने लेखी हरकत घेतली, तर ती दूर होण्याचा दिवस हाच स्वीकृतीचा दिवस ठरतो. दुरुस्त्यांना मर्यादा नसेल, तर मोबदल्याची मुदतही पुढे सरकत राहते.

म्हणून दुरुस्त्यांचे तीन प्रकार करारात वेगळे करावेत. चुकीचा अर्थ, सुटलेले वाक्य किंवा अशुद्धलेखन विनामूल्य सुधारायचे. ‘वापरकर्ता’ऐवजी ‘युजर’ हवे, यासारखा पसंतीचा बदल एका फेरीपुरता आणि दहा दिवसांच्या आत मान्य करायचा. त्यानंतर तासाचा दर लावायचा. एजन्सीने शब्दसूची आधी दिली असेल आणि ती पाळली गेली नसेल, तर मात्र ती चूकच. मूळ मजकूर बदलला तर ते नवे काम. सगळे शेरे एकत्रित, एकाच फाइलमध्ये यावेत, हेही लिहावे. नाहीतर तीन परीक्षक तीन वेळा शेरे पाठवतात आणि एक फेरी कधी संपलीच नाही असे होते.

रद्दशुल्काचा हिशेब मूळ मजकुराच्या शब्दांवर ठेवावा. मराठीत विभक्तिप्रत्यय शब्दालाच जोडले जातात, त्यामुळे इंग्रजीपेक्षा शब्दसंख्या सहसा कमी भरते. समजा, १२,००० शब्दांचे काम शब्दाला दीड रुपया दराने घेतले आणि ५,००० शब्द झाल्यावर ते रद्द झाले. झालेल्या कामाचे ७,५०० रुपये पूर्ण मिळावेत. उरलेल्या ७,००० शब्दांचे १०,५०० रुपये होतात. त्यावर २५ टक्के धरल्यास २,६२५. एकूण १०,१२५ रुपये.

उरलेल्या कामाची सगळी रक्कम मागणे धोक्याचे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारात लिहिलेला आकडा ही फक्त कमाल मर्यादा असते. न्यायालय त्याच्या आत वाजवी भरपाईच देते. म्हणून टक्केवारीशेजारी कारण नोंदवावे : ठरलेल्या दिवसांसाठी दुसरी कामे नाकारली होती. ‘रद्द’ म्हणजे काय, हेही ठरवावे. एजन्सी काम रद्द न करता ‘थांबवून’ ठेवते आणि शुल्क टाळते, असे होऊ शकते. त्यासाठी सात दिवसांहून अधिक स्थगिती ही रद्दच मानावी, एवढे एक वाक्य पुरते.