नफा सहा लाख, बँकेत तीस हजार: नफा-तोटा पत्रक आणि ताळेबंद यातला घोळ

दरवर्षी सीएकडून फाईल आली की ठाण्यातल्या माझ्या ओळखीच्या दुकानदारांचे फोन सुरू होतात आणि प्रश्न एकच, "अरे कागदावर सहा लाख नफा दाखवलाय, मग पैसे कुठायत?" त्यात कोणीतरी बॅलन्स शीट म्हणजे बँकेतला बॅलन्स असं धरून बसलेला असतोच. मी नौपाड्यात दोन-चार दुकानांची खतावणी लिहितो, त्यामुळे हे इतक्यांदा समजावलंय की आता एकदाच लिहून काढतो.

नफा-तोटा पत्रक तुम्हाला कळतं, त्यावर वेळ घालवत नाही. 1 एप्रिल ते 31 मार्च काय विकलं, तो माल कितीला पडला, भाडं-पगार-लाईट किती गेलं, उरला तो नफा. ताळेबंद, म्हणजेच बॅलन्स शीट, वर्षाचा नसतो, एका दिवसाचा असतो, म्हणजे 31 मार्चला रात्री शटर ओढलं त्या क्षणी दुकानाकडे काय काय आहे आणि ते कोणाच्या पैशाने आलंय. हा फरक सगळे सांगतात, सगळ्यांना पटतो पण, आणि तरी घोळ होतो, कारण घोळ तारखेत नाहीये. घोळ असा की खिशातून गेलेला प्रत्येक रुपया आपण 'खर्च' समजतो, आणि हिशेबात तो खर्च असेलच असं नाही.

कळव्यातलं एक स्टेशनरीचं दुकान घेऊ, आकडे सोपे केलेत आणि जीएसटी बाजूला ठेवलाय. वर्षाची विक्री 48 लाख. सुरुवातीला माल 6 लाखाचा होता, वर्षभरात 39 लाखाची खरेदी झाली, शेवटी 7.5 लाखाचा माल शिल्लक. म्हणजे विकलेला माल पडला 37.5 लाखाला, ढोबळ नफा 10.5 लाख. त्यातून भाडं 2.4 लाख, पोऱ्याचा पगार 1.2 लाख, लाईट-किरकोळ 35 हजार, लोनचं व्याज 30 हजार आणि घसारा 25 हजार गेला, मिळून साडेचार लाख. निव्वळ नफा 6 लाख. इथपर्यंत दुकानाचा मालक, आमचा दादा, खुश.

मग पासबुक उघडलं. 1 एप्रिलला गल्ला आणि बँक मिळून दीड लाख होते, 31 मार्चला 30 हजार. दादा म्हणाला, "नफा झाला तर पैसे वाढायला हवेत ना, हे तर घटले, सीएने काहीतरी गडबड केली." सीएने काही केलं नव्हतं. आम्ही दोघं चहा घेऊन बसलो आणि एकेक शोधत गेलो.

पहिलं, माल. जूनमध्ये शाळा उघडतात म्हणून त्याने मार्चमध्येच अब्दुल रेहमान स्ट्रीटवरून वह्यांचे गठ्ठे आणून पोटमाळ्यावर रचले होते. त्यामुळे शिल्लक माल 6 लाखावरून साडेसात लाखावर गेला. ते दीड लाख खर्च झाले नाहीत, वह्या होऊन माळ्यावर बसलेत, आणि वह्या विकल्या जातील त्या वर्षी त्यांची किंमत नफ्यातून वजा होईल. दुसरं, उधारी. दोन क्लासवाले महिन्याच्या खात्यावर माल नेतात, त्यांच्याकडे 50 हजार येणं होतं ते 1 लाख 10 हजार झालं. विक्री धरली, नफ्यात आली, पैसे मात्र 60 हजार कमी आले. तिसरं, झेरॉक्स मशीन 75 हजाराचं. ते पाच-सात वर्षं चालणार, म्हणून त्याची अख्खी किंमत यंदाच्या नफ्यातून जात नाही, दरवर्षी थोडी झीज घसारा म्हणून जाते. चौथं, लोन, आणि इथे माझं डोकं फिरतं कारण दरवर्षी कोणीतरी पूर्ण हप्ता खर्चात टाकतो. हप्त्यात दोन गोष्टी असतात. व्याज हा खर्च. मुद्दल हा खर्च नाही, ते तुमचं देणं फिटणं आहे. या दुकानाचं मुद्दल वर्षात 1 लाख फिटलं, लोन 3 लाखावरून 2 लाखावर आलं, पैसा गेला पण नफ्याच्या कागदावर त्याचा मागमूस नाही.

आणि पाचवं म्हणजे दादा स्वतः. घरी महिन्याला 30 हजार नेतो, वर्षाचे 3.6 लाख. त्याच्या मते हा त्याचा पगार. एकट्याच्या मालकीच्या दुकानात मालकाला पगार नसतो, ती उचल असते आणि ती भांडवलातून वजा होते. पोराची फी, घरचा किराणा, एलआयसी, मालकाचा स्वतःचा इन्कम टॅक्स, सगळं उचलच.

आता जोडा. सुरुवातीचे दीड लाख, त्यात नफा 6 लाख, त्यात घसाऱ्याचे 25 हजार परत मिळवा कारण घसारा कोणाला रोख दिला नव्हता, झाले 7.75 लाख. वजा दीड लाख, 60 हजार, 75 हजार, 1 लाख आणि 3.6 लाख. उरले 30 हजार. पासबुकाशी जुळलं, दादा गप्प.

मी त्याला एकच प्रश्न विचारायला शिकवलं: पैसे दिल्यावर हातात काही उरलं का, किंवा एखादं देणं कमी झालं का? भाडं दिलं, महिना संपला, हातात काही नाही, तर तो खर्च. माल उरला, मशीन उरलं, लोन कमी झालं, तर ते ताळेबंदात शोधायचं. उचल मात्र या प्रश्नात बसत नाही, कारण ती दुकानाच्या कामाला दिलेलीच नसते, ती सरळ भांडवलातून काढायची.

ताळेबंदात उजवीकडे माल 7.5 लाख, येणं 1.1 लाख, फर्निचर-मशीन घसारा जाऊन 2.5 लाख, रोख-बँक 30 हजार, बेरीज 11.4 लाख. डावीकडे व्यापाऱ्यांचं देणं 2 लाख, लोन 2 लाख, भांडवल 7.4 लाख. "माझंच भांडवल देण्याच्या बाजूला का?" कारण हिशेबात दुकान वेगळं आणि तुम्ही वेगळे, दुकान तुमचंही देणं लागतं. 5 लाख होतं, 6 लाख नफा आला, 3.6 लाख उचलले. दोन्ही कागद इथे एकमेकांना भेटतात.

अजून एक, कारण याची मला चीड आहे. "दोन्ही बाजू जुळल्या म्हणजे ताळेबंद बरोबर" असं काही नसतं. शिल्लक माल हा आकडा दोन्ही कागदांवर आहे, तो अंदाजे एक लाख जास्त लिहिला तर नफा एक लाख जास्त दिसेल आणि बाजू तरीही झक्क जुळतील. सीए तुमच्या माळ्यावर चढत नाही, तुम्ही फोनवर सांगाल तो आकडा टाकतो. म्हणून 31 मार्चला दुकान दोन तास लवकर बंद करून माल मोजा, आणि विक्रीच्या नाही तर खरेदीच्या भावाने लावा. जो माल आता त्या भावालाही जाणार नाही, तो जितक्याला जाईल तितकाच धरा.

दादाच्या माळ्यावर जुन्या सिलॅबसच्या गाईडांचे खोके निघाले, खरेदीभावाने 40 हजाराचे. रद्दीवाला 5 हजार देत होता. खरा नफा 5 लाख 65 हजार, भांडवल 7 लाख 5 हजार, आणि बँकेत तेच 30 हजार. फाईल सीएकडे परत गेली, खोके अजून माळ्यावरच आहेत.