घरी कॉफी भाजण्याची रीत गेली कशी, परतली कशी

कॉफीच्या हिरव्या बिया घरी तव्यात भाजणं हा आज छंद मानला जातो. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी बहुतेक कॉफी अशीच व्हायची. दुकानात कच्च्या बियाच मिळत आणि त्या लागतील तशा घरी भाजल्या जात. यामागे साधं कारण होतं. कच्च्या बिया कोरड्या जागी महिनोन्‌महिने टिकतात, तर भाजलेल्या बियांचा वास काही आठवड्यांतच उतरतो.

घरोघरी कॉफी किती भाजली जात असे, हे प्रशियाच्या एका आदेशावरून कळतं. राजा दुसरा फ्रेडरिक याने 1781 मध्ये कॉफी भाजण्याचा अधिकार सरकारकडे घेतला आणि परवाना नसलेल्यांना पकडायला निवृत्त सैनिक नेमले. ते रस्त्यांतून वास घेत फिरायचे. भाजणाऱ्या कॉफीचा धूर आणि वास लपवता येत नाही, हे त्यांचं सगळं भांडवल.

ही रीत मोडली ती मात्र सोयीमुळे. अमेरिकेत जेबेझ बर्न्सने 1864 मध्ये अशा यंत्राचं पेटंट घेतलं की भाजलेला माल ड्रम न उतरवता आपोआप बाहेर पडायचा. त्याच दशकात पिट्सबर्गच्या जॉन आर्बकलने भाजलेली कॉफी एकेक पौंडाच्या कागदी पिशव्यांतून विकायला सुरुवात केली. ती शिळी होऊ नये म्हणून बियांवर अंडं आणि साखरेचा थर चढवायचा, असं पेटंट त्याने 1868 मध्ये घेतलं. भाजलेली कॉफी टिकत नाही, ही अडचण कारखानदारांनाही किती सतावत होती हे त्यावरून दिसतं. पिशवी स्वस्त, एकसारखी आणि बिनधुराची होती. पुढच्या काही पिढ्यांत तव्यावरचं भाजणं अनेक देशांतून जवळजवळ नाहीसं झालं. इथिओपियात मात्र पाहुण्यांसमोर बिया भाजून कॉफी करण्याची प्रथा अखंड चालू राहिली.

परतीची वाट हवेने उघडली. 1970 च्या दशकात मायकल सिव्हेट्झ या केमिकल इंजिनियरने गरम हवेच्या झोतावर बिया तरंगत ठेवून भाजणारं यंत्र पुढे आणलं. त्याच सुमारास घरोघरी गरम हवेची पॉपकॉर्न मशीन आली आणि हौशी मंडळींनी त्यांत मक्याऐवजी कॉफी टाकून पाहिली. त्यातही बाजूच्या फटींतून हवा सोडून दाणे गरगर फिरवणारी मशीन पसंत पडली. तळाला जाळी असलेल्या मशीनमध्ये फोलपटं अडकून पेट घेण्याचा धोका असतो. पुढे 1997 मध्ये सुरू झालेल्या स्वीट मारियाजसारख्या दुकानांनी कच्च्या बिया थोड्या थोड्या विकायला घेतल्या, तेव्हा कुठे हा छंद पसरला.

घरगुती साधनात बियांच्या आतलं तापमान कळत नाही, म्हणून कानाला महत्त्व आलं. बी साधारण 200 अंश सेल्सियसच्या आसपास पोचली की आत कोंडलेली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड तिच्या ठिसूळ झालेल्या भिंती फोडून बाहेर पडतात. लाह्या फुटताना येतो तसा ठळक आवाज होतो. हा फर्स्ट क्रॅक. पुढे 225 च्या सुमाराला दुसरा क्रॅक येतो. तो बारीक, जलद आणि कोरडा असतो, आणि लवकरच बियांवर तेल दिसू लागतं.

तव्यातली 100 ग्रॅमची एक भाजणी पाहू. जाड बुडाचा तवा मध्यम आचेवर ठेवून बिया सतत हलवायच्या. चार-पाच मिनिटांत त्या पिवळ्या होतात आणि वाळल्या गवतासारखा वास येतो. मग तपकिरी रंग चढतो, फोलपटं सुटतात आणि नवव्या-दहाव्या मिनिटाला पहिले एकदोन फुटकळ आवाज येतात. वेळ मोजायची ती मात्र आवाज सलग येऊ लागल्यापासून. तिथून दीडेक मिनिटाने उतरवलं तर मध्यम भाजणी मिळते. लगेच चाळणीत ओतून, वारा घालून तीन-चार मिनिटांत थंड करायचं, नाहीतर बिया स्वतःच्याच उष्णतेने पुढे भाजत राहतात. नंतर वजन करावं. 85 ग्रॅमच्या आसपास उरलं तर जमलं. 90 च्या वर राहिलं तर आतून कच्चं असण्याची शक्यता मोठी, मग बाहेरचा रंग काहीही सांगो.

तव्यात बी ज्या बाजूला टेकते तिथेच तापते. म्हणून काही बिया लवकर फुटतात, काही उशिरा, आणि क्रॅक लांबत जातो. हलवण्यात खंड पडला तर सपाट बाजूवर काळे डाग उमटतात. हवेच्या यंत्रात सगळ्या बाजूंनी उष्णता लागते, रंग एकसारखा येतो आणि क्रॅक एका झुंडीत येऊन जातो. तिथला धोका घाईचा आहे. तिसऱ्या मिनिटालाच क्रॅक आला तर बाहेरून छान दिसणारी बी आतून गवताळ आणि आंबट निघते. शिवाय पंख्याच्या आवाजात सुरुवातीचे आवाज बुडतात, म्हणून सराव झालेले लोक कान यंत्राच्या तोंडाच्या बाजूने लावतात आणि धुराचा पहिला पदरही सोबत पाहतात.