पेशी आणि हेमॅटोक्रिट : डेंग्यूतील प्लाझ्मा गळतीची पार्श्वभूमी

कापूस वेचणीच्या तोंडावर विदर्भातल्या ग्रामीण रुग्णालयांत डेंग्यूचे रुग्ण वाढू लागले, की नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, "पेशी किती आल्या?" पेशी म्हणजे इथे रक्त गोठायला मदत करणाऱ्या प्लेटलेट. हा प्रश्न स्वाभाविक आहे, पण रुग्णाच्या जिवाला नेमका धोका कधी आहे याचे उत्तर बहुतेक वेळा त्याच कागदावरच्या दुसऱ्या आकड्यात, म्हणजे हेमॅटोक्रिटमध्ये, रक्तातल्या लाल पेशींच्या टक्केवारीत, असते. काही रिपोर्टांवर तो पीसीव्ही या नावाने छापलेला असतो.

या आकड्याला महत्त्व कसे आले, हे पाहण्यासाठी आग्नेय आशियात जावे लागते. १९५४ च्या सुमारास मनिलात आणि १९५८ मध्ये बँकॉकमध्ये लहान मुलांत रक्तस्रावी तापाच्या मोठ्या साथी आल्या. तापात नव्हे, तर ताप उतरल्यावर मुलांचे हातपाय गार पडत, नाडी क्षीण लागे आणि काही तासांत मृत्यू ओढवे; त्यातल्या अनेकांना फारसा रक्तस्राव झालेलाही नसे. रक्त वाहून गेले असते तर हेमॅटोक्रिट कालांतराने उतरायला हवे होते, पण ते चढलेले सापडे आणि छातीत व पोटात पाणी साचलेले दिसे. याचा अर्थ लाल पेशी रक्तवाहिन्यांतच राहत होत्या आणि त्यांना वाहून नेणारा पातळ द्रव, म्हणजे प्लाझ्मा, सूक्ष्म वाहिन्यांच्या भिंतींतून बाहेर झिरपत होता. सुचित्रा निम्मान्नित्य यांच्यासारख्या थाई बालरोगतज्ज्ञांनी या निरीक्षणांवरून उपचारांची घडी बसवली. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९७ च्या निकषांत एक लाख किंवा त्याहून कमी प्लेटलेटसोबत हेमॅटोक्रिटमधील वीस टक्के वाढ ही गळतीची खूण म्हणून आहे, तर २००९ च्या वर्गीकरणात हेमॅटोक्रिट वाढत असतानाच प्लेटलेट झपाट्याने घसरणे हे धोक्याच्या लक्षणांत मोडते.

वीस टक्के वाढ मोजायची ती रुग्णाच्या स्वतःच्या आधीच्या आकड्यावरून, आणि आपल्याकडे घोटाळा होतो तो इथेच. पंचेचाळीस किलो वजनाची, अंगात रक्त कमी असलेली यवतमाळकडची एक शेतमजूर बाई डोळ्यांसमोर आणू. तापाच्या तिसऱ्या दिवशी तिचे हेमॅटोक्रिट २८ आणि प्लेटलेट १,१०,००० आहेत. पाचव्या दिवशी सकाळी ताप उतरतो, घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात, पण तिचे पोट दुखते आहे आणि उलट्या थांबत नाहीत. आता हेमॅटोक्रिट ३४, प्लेटलेट ४६,००० आणि रक्तदाब १०४/७८ आहे. चौतीस हा आकडा एकटा पाहिला तर कोणालाही खटकणार नाही. पण २८ वरून ३४ म्हणजे एकवीस टक्क्यांहून अधिक वाढ आहे, आणि वरच्या व खालच्या रक्तदाबातले अंतर २६ वर आले आहे. हे अंतर २० किंवा त्याखाली गेले की तो शॉक, म्हणजे अवयवांना रक्त अपुरे पडण्याची अवस्था, समजतात, मग वरचा आकडा शंभर का असेना.

अशा वेळी तिला दर किलोमागे तासाला पाच ते सात मिली, म्हणजे साधारण सव्वादोनशे ते तीनशे मिली, साधे सलाईन किंवा रिंगर लॅक्टेट एक-दोन तास देऊन हेमॅटोक्रिट, नाडी, रक्तदाब आणि लघवी पुन्हा पाहायची असते, आणि सुधारणा दिसेल तसा वेग उतरवायचा असतो. समजा, रात्री प्लेटलेट ३१,००० वर गेल्या, पण हेमॅटोक्रिट ३१ वर उतरले, हात गरम झाले आणि लघवी मोकळी झाली. पेशी घटल्या म्हणून घरचे हवालदिल होतील, तरी बाई सुधारते आहे. रक्तस्राव नसताना केवळ आकडा खाली आला म्हणून प्लेटलेटची पिशवी चढवल्याने गळती थांबत नाही. तिच्यासाठी जिल्ह्याच्या रक्तपेढीकडे धावण्यात नातेवाइकांचे जे तास जातात, त्यांची मला फार हळहळ वाटते.

मात्र हेमॅटोक्रिट उतरले म्हणजे सारे ठीक, असेही नाही. ते उतरत असताना नाडी वेगाने चालत असेल आणि हातपाय गार असतील, तर आत कुठे तरी रक्तस्राव होत असण्याची शंका घ्यावी लागते, आणि तेव्हा सलाईन वाढवून भागत नाही, रक्त द्यावे लागते. गडचिरोली-चंद्रपूरकडच्या सिकलसेलच्या रुग्णांत हा निवाडा अधिकच अवघड होतो, कारण त्यांचे नेहमीचे हेमॅटोक्रिटच पंचविशीच्या आसपास असू शकते आणि लाल पेशी फुटल्यानेही ते घसरते. म्हणून त्यांच्या सिकलसेल कार्डासोबत जुना रिपोर्ट मागून घ्यावा, आणि कोणत्याही रुग्णाचे पहिले रक्त शक्यतो गावातच सलाईन लागण्याआधी काढावे, कारण सलाईननंतरचा आकडा पातळ झालेल्या रक्ताचा असतो.

गळती साधारण चोवीस ते अठ्ठेचाळीस तास चालते. त्यानंतर झिरपलेला द्रव आपोआप रक्तात परततो, लघवी भरपूर होते आणि हेमॅटोक्रिट उतरते, पण प्लेटलेट मात्र मागाहून सावरतात. पेशी अजून कमीच आहेत म्हणून या टप्प्यावर सलाईन चालू ठेवले, तर परतणाऱ्या द्रवात त्याची भर पडून फुप्फुसांत पाणी होते आणि बरा होत आलेला रुग्ण धापा टाकू लागतो.