मीन व्हॅल्यू थिअरमचा सांगाडा, अर्ध्या पानात

“सर, प्रूफ पाठ आहे, पण मधली एक ओळ गेली का पुढचं काहीच आठवत नाही.” नागपुरात बी.एस्सी.च्या मुलांना रिअल ॲनालिसिस शिकवताना परीक्षेच्या तोंडावर हे वाक्य हमखास ऐकू येतं. अशा वेळी मी त्यांना पुस्तक मिटायला लावतो आणि प्रत्येक प्रमेयाचा सांगाडा अर्ध्या पानात लिहायला सांगतो. आधी मूळ कल्पना, मग पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीसमोर ती कशाच्या भरवशावर उभी आहे ते.

रोलचं प्रमेय घेऊ. `f` हे फंक्शन `[a, b]` वर कंटिन्यूअस, `(a, b)` वर डिफरन्शिएबल आणि `f(a) = f(b)`. मग आत कुठेतरी `f'(c) = 0`.

कल्पना एका ओळीची: आतल्या सर्वांत उंच किंवा सर्वांत खालच्या बिंदूवर स्पर्शरेषा आडवी असते.

पहिली पायरी: `f` ची कमाल आणि किमान किंमत या इंटरव्हलवर कुठेतरी गाठली जातेच. समोर लिहायचं: ‘एक्स्ट्रीम व्हॅल्यू थिअरम, इथे कंटिन्युइटी लागली’. दुसरी: दोन्ही किमती टोकांवरच असतील, तर `f(a) = f(b)` मुळे फंक्शन स्थिर, काम संपलं. तिसरी: नाहीतर त्यांतली एक आतल्या `c` वर आहे. ती कमाल असेल तर `(f(x) − f(c))/(x − c)` डावीकडून शून्य किंवा धन, उजवीकडून शून्य किंवा ऋण. किमान असेल तर उलट. डेरिव्हेटिव्ह अस्तित्वात असल्यामुळे दोन्ही बाजूंची लिमिट एकच, म्हणजे शून्यच.

कागद बरोबर उतरला का, हे तपासायला एकेक अट खोडून पाहायची. `[−1, 1]` वर `|x|` घेतलं तर तिसरी पायरी कोसळते. `[0, 1)` वर `f(x) = x` आणि `f(1) = 0` घेतलं तर पहिलीच. एखादी अट खोडूनही कुठलीच पायरी अडत नसेल, तर बहुतेक वेळा ती अट कुठे वापरली हे लिहायचं राहिलेलं असतं.

मीन व्हॅल्यू थिअरममध्ये `f(a) = f(b)` ही अट नसते; आत कुठेतरी `f'(c)` टोकं जोडणाऱ्या जीवेच्या चढाइतकं असतं, एवढंच म्हणायचं असतं. त्याचा सांगाडा मग दोनच ओळींचा. टोकं जोडणाऱ्या जीवेचा चढ वजा करा:

`g(x) = f(x) − [(f(b) − f(a))/(b − a)]·(x − a)`

आता `g(a) = g(b)`, म्हणून रोल लावा. पाठ करायचं ते एवढं `g`. बाकीचं त्यातून निघतं.

प्रकरणाच्या शेवटी कुठलं प्रमेय कशाच्या भरवशावर उभं आहे ते दाखवणारे सगळे बाण एका कागदावर काढले की एक्स्ट्रीम व्हॅल्यू थिअरमचा बाण थेट रिअल नंबरांच्या कंप्लीटनेसपर्यंत जातो. पुष्कळ मुलं तो काढतच नाहीत, कारण पुस्तकात ती गोष्ट दोन प्रकरणं आधीच येऊन गेलेली असते. पण फक्त रॅशनल संख्या घेतल्या, तर `0` ते `2` मध्ये `1/(x² − 2)` प्रत्येक बिंदूवर कंटिन्यूअस आहे आणि तरी त्याला वर ना खाली, कुठेच मर्यादा नाही. `√2` च्या दोन्ही अंगांनी ते सुसाट पळतं. तिथे रोलची पहिली पायरी टाकताच येत नाही.