आंतरतारकीय वस्तू

सूर्याच्या गुरुत्वाकर्षणाने कायमची बांधली न गेलेली, दुसऱ्या ताऱ्याच्या परिसरातून निसटून सूर्यमालेतून एकदाच पार होणारी लहान खगोलीय वस्तू. आजवर अशा तीन वस्तूंची खात्री पटली आहे : ओमुआमुआ (२०१७), बोरिसोव्ह धूमकेतू (२०१९) आणि अ‍ॅटलास धूमकेतू (२०२५).

वस्तू बाहेरची आहे हे तिच्या घटकांवरून नव्हे, तर कक्षेवरून ठरते. कक्षेची विमध्यता, म्हणजे ती वर्तुळापासून किती वेगळी आहे हे सांगणारी संख्या, १ पेक्षा कमी असेल तर कक्षा लंबवर्तुळाकार, म्हणजे बंदिस्त असते. १ पेक्षा जास्त असेल तर ती अपास्ताकार, म्हणजे उघडी असते. अपास्त कक्षेतील वस्तूपाशी सूर्यापासून अतिदूर असतानाही काही वेग शिल्लक राहतो आणि हा शिल्लक वेगच बाहेरच्या उगमाचा खरा पुरावा होय. ओमुआमुआचा असा वेग सेकंदाला सुमारे २६ किमी. होता. पृथ्वीइतक्या अंतरावर सूर्यापासून सुटण्यासाठी सेकंदाला सुमारे ४२ किमी. वेग पुरतो. या दोन वेगांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ काढल्यास त्या अंतरावरील ओमुआमुआचा वेग सुमारे ५० किमी. येतो.

नुसत्या विमध्यतेवरून तुलना करणे मात्र फसवे ठरते. ओमुआमुआची विमध्यता १.२०, बोरिसोव्हची सुमारे ३.३६ आणि अ‍ॅटलासची सहाहून थोडी अधिक असली, तरी पहिल्या दोघांच्या शिल्लक वेगांत (सेकंदाला २६ आणि ३२ किमी.) फारसे अंतर नाही. ओमुआमुआ सूर्याच्या फार जवळून, पृथ्वीच्या अंतराच्या सुमारे एकचतुर्थांश अंतरावरून गेला, म्हणून त्याचा मार्ग अधिक वाकला आणि विमध्यता लहान राहिली. अ‍ॅटलासचा शिल्लक वेग मात्र खरोखरच मोठा, सुमारे ५८ किमी. आहे.

विमध्यता १ च्या किंचित वर असणे पुरेसे नसते. १९८० मध्ये शोधलेला बोवेल धूमकेतू सूर्यमालेचाच होता. त्याच वर्षी डिसेंबरात तो गुरूजवळून गेला आणि त्याची विमध्यता सुमारे १.०५७ झाली. म्हणून कक्षा ग्रहांच्या प्रदेशापलीकडे, भूतकाळात मागे मोजत नेऊन, ग्रहांचा प्रभाव वजा करून तपासावी लागते. मोजक्या दिवसांच्या निरीक्षणांवरून काढलेल्या कक्षेतही मोठी चूक संभवते; निरीक्षणे वाढल्यावर जी अपास्तता टिकते, तीच ग्राह्य धरावी.

ओमुआमुआच्या स्वरूपाबाबत मतभेद आहेत. शेपूट न दिसताही त्याच्या गतीत गुरुत्वाकर्षणाने स्पष्ट न होणारे अल्प प्रवेगन आढळले. नायट्रोजनचे बर्फ, हायड्रोजनचे बर्फ, तसेच पाण्याच्या बर्फात अडकलेला हायड्रोजन वायू बाहेर पडणे, अशी स्पष्टीकरणे सुचवली गेली. शेवटचे अधिक साधे व म्हणून अधिक संभाव्य वाटते. पण वस्तू लवकरच दुर्बिणींच्या आवाक्याबाहेर गेल्याने निर्णायक मोजमाप झाले नाही. प्रवेगन लक्षात घेतले तरी ती बाहेरून आली, या निष्कर्षात फरक पडत नाही. तिची येण्याची दिशा अभिजित ताऱ्याच्या दिशेजवळची होती. मात्र ती त्या ताऱ्याचीच होती, असे त्यावरून म्हणता येत नाही, कारण तेवढे अंतर कापण्यास लागलेल्या लाखो वर्षांपूर्वी अभिजित आजच्या दिशेला नव्हता.