पुनर्खरेदी अंतर

वापरून संपणाऱ्या वस्तूची एक खरेदी आणि त्याच ग्राहकाने केलेली त्याच वस्तूची पुढची खरेदी यांमधील दिवसांना पुनर्खरेदी अंतर म्हणतात. साबण, शाम्पू, कॉन्टॅक्ट लेन्स, पाळीव प्राण्यांचे खाद्य, गाळणयंत्राची बदलती काडतुसे अशा वस्तूंच्या ऑनलाइन विक्रीत पुन्हा मागणी नोंदवण्याची आठवण ग्राहकाला कधी पाठवायची आणि नियमित पुरवठ्याच्या सवलत योजनेत किती दिवसांचा पर्याय आधी सुचवायचा, हे या अंतरावरून ठरवले जाते. अशा योजनांपैकी अ‍ॅमेझॉनची ‘सबस्क्राइब अँड सेव्ह’ ही योजना २००७ साली सुरू झाली.

दोन मागण्यांच्या तारखांची वजाबाकी केली की अंतर मिळते. परंतु त्या अंतरात किती माल वापरला गेला हे पाहिले नाही, तर तो आकडा दिशाभूल करतो. एका ग्राहकाने कपडे धुण्याच्या द्रवाची एक बाटली १ जानेवारीला, दोन बाटल्या १० फेब्रुवारीला, एक ६ मे रोजी आणि एक १८ जूनला घेतली असे समजू. वर्ष लीप नसेल, तर अंतरे अनुक्रमे ४०, ८५ आणि ४३ दिवसांची येतात व त्यांची सरासरी ५६ भरते. प्रत्यक्षात १६८ दिवसांत चार बाटल्या संपल्या, म्हणजे एक बाटली ४२ दिवस पुरते. म्हणून जूनमधील बाटली ३० जुलैच्या सुमारास संपेल. माल पोहोचण्यास तीन दिवस आणि ग्राहकाला निर्णयासाठी चार दिवस धरले, तर आठवण २३ जुलैला जायला हवी. ५६ दिवसांच्या हिशेबाने ती ६ ऑगस्टला गेली असती, म्हणजे बाटली रिकामी होऊन आठवडा उलटल्यावर. तोवर ग्राहकाने बहुधा दुसरीकडून माल घेतलेला असतो.

तीन अंतरांवर एखाद्याचा वापर ठरवणे तसे धाडसाचेच. नव्या ग्राहकाकडे तर एकही अंतर नसते. तेथे त्या वस्तूच्या सर्व ग्राहकांचा मध्यक आधाराला घेतात आणि मागण्या वाढत जातील तसतसे व्यक्तीच्या स्वतःच्या नोंदींना अधिक वजन देतात. सरासरीऐवजी मध्यक घेण्याचे कारण असे की, मधली एखादी खरेदी इतरत्र झाली की नोंदीत ४२ ऐवजी ८४ दिवस दिसतात, आणि अशी मोजकी दुप्पट-तिप्पट अंतरे सरासरीला फुगवतात.

याच्या उलट दिशेची चूक अपुऱ्या कालखंडातून होते व ती सहज नजरेत येत नाही. हाताशी फक्त ९० दिवसांच्या नोंदी असतील, तर १०० दिवसांनी परतणारा ग्राहक त्या हिशेबात येतच नाही आणि सगळे अंतर खरे असते त्याहून कमी भासते. यासाठी अजून न परतलेल्या ग्राहकांना वगळू नये; ‘इतके दिवस झाले, अद्याप खरेदी नाही’ अशी त्यांची अपूर्ण नोंद धरावी. वैद्यकीय पाहणीत रुग्णांच्या जीवितकालासाठी वापरली जाणारी, १९५८ साली कॅप्लन आणि मायर यांनी मांडलेली पद्धत येथे जशीच्या तशी लागू पडते.

नियमित पुरवठ्यात अंतर चुकल्याचा परिणाम वेगळ्या रीतीने दिसतो, कारण आठवणीकडे ग्राहक दुर्लक्ष करू शकतो, पण माल मात्र दारात येऊन पडतो. वरच्या ग्राहकाने दर ३० दिवसांचा पर्याय घेतला, तर प्रत्येक फेरीत १२ दिवसांचा माल शिल्लक राहतो आणि सात फेऱ्यांनंतर दोन पूर्ण बाटल्यांइतका जादा साठा जमतो. असा ग्राहक आधी एखादी फेरी पुढे ढकलतो, मग योजनाच रद्द करतो. ६० दिवसांच्या पर्यायात १८ दिवसांची तूट पडून मधल्या काळात सुटी खरेदी होते. वगळलेल्या फेऱ्या वाढणे हे अंतर फार कमी ठेवल्याचे लक्षण मानावे, तर मधल्या सुट्या मागण्या ते फार जास्त असल्याचे. सहा आठवड्यांचा पर्याय उपलब्ध असेल, तर या ग्राहकाला तोच सुचवणे योग्य. केवळ महिन्याचा हिशेब सोपा म्हणून ३० दिवस आधीच निवडून ठेवण्याची रूढी विक्रेत्याला सुरुवातीला जास्त मागण्या देते आणि पुढे ग्राहक गमावते.

आठवणी सुरू झाल्यानंतर जमणाऱ्या नोंदीही जपून वाचाव्या लागतात. आठवण मिळताच मागणी नोंदवणाऱ्या ग्राहकाचे अंतर त्याच्या वापराचे राहत नाही, ते संदेशाच्या वेळापत्रकाचे होते. सवलतीच्या दिवशी केलेली साठवणूकही असाच गोंधळ करते. यावर उपाय म्हणून यदृच्छेने निवडलेल्या काही ग्राहकांना आठवण पाठवत नाहीत. दोन्ही गटांत वर्षभरातील एकूण बाटल्या सारख्याच निघाल्या, तर आठवणीने खरेदी वाढवली नाही, फक्त काही दिवस अलीकडे ओढली, असा त्याचा अर्थ होतो.